अनर्हता आणि अन्याय : दोन अपत्यांच्या नियमाचे एक परीक्षण

‘कायदा’ हा शब्द मराठीत अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ पाया, आधार, नियम असा आहे. ‘न्याय’ हा संस्कृत शब्द योग्य रीत आणि उचित निर्णय हे दोन्ही अर्थ पोटात घेऊन आला. कायदा जिथे लागू होतो त्या स्थळाला मात्र आपण ‘कायदालय’ म्हणत नाही, ‘न्यायालय’ म्हणतो. निजामी अमलात मराठवाड्यातील लोक त्याच स्थळाला ‘अदालत’ म्हणत. तो शब्दही ‘अद्ल’ म्हणजे न्याय याच धातूतला. म्हणजे राजवट बदलली, राजभाषा बदलली, तरी बोलणाऱ्याची अपेक्षा बदलली नाही. त्या घरी जे मिळेल ते उचितच असेल, असे त्या घराच्या नावातच गृहीत धरलेले आहे. ही अपेक्षा आदरणीय आहे. तथापि तिच्यामुळे एक साधे वाक्य उच्चारणे आपल्याला फार जड जाते. ते वाक्य असे : ‘हा कायदा आहे, न्यायालय तो लागू करील, आणि तरीही तो अन्याय्य आहे.’

या वाक्यात तार्किक विसंगती नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न मी प्रस्तुत लेखात करणार आहे. त्यासाठी दूरचे उदाहरण घेण्याची आवश्यकता नाही. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत ग्रामपंचायतींच्या निवडणुका आल्या की ज्या एका खंडावर सर्वांत अधिक कुजबूज आणि सर्वांत अधिक तक्रारी होतात, तो १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१) मधील ‘ज-१’ हा खंड परीक्षणासाठी पुरेसा आहे.

खंडाचा आशय थोडक्यात असा. ज्या व्यक्तीस दोनांहून अधिक अपत्ये आहेत तिला पंचायतीचे सदस्य होता येत नाही आणि सदस्य असल्यास त्या पदावर राहता येत नाही. हा खंड २००० च्या दुरुस्तीने घातला गेला आणि १३ सप्टेंबर २००० पासून अमलात आला. त्या दिवशी ज्यांना दोनांहून अधिक अपत्ये होती त्यांची संख्या पुढे वाढली नाही तर ते अनर्ह ठरत नाहीत. त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत एका प्रसूतीत झालेली अपत्ये मोजावयाची नाहीत. म्हणून गावोगावी ‘१२ सप्टेंबर २००१’ ही तारीख लोकांना तोंडपाठ आहे. खंडास एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. दांपत्याला एकच अपत्य असता पुढील एका प्रसूतीत कितीही अपत्ये झाली तरी ती मिळून एकच समजावी, आणि ‘अपत्य’ या संज्ञेत दत्तक घेतलेले अपत्य येत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला या मजकुराचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. त्यात संदिग्धता कमी आहे आणि नियम यंत्रासारखा चालतो. पण यंत्र चालवून पाहावे. कल्पना करा की मुखेड तालुक्यातील एका स्त्रीचे तिसरे अपत्य ५ सप्टेंबर २००१ रोजी जन्मले आणि औसा तालुक्यातील दुसरीचे २० सप्टेंबर २००१ रोजी. पहिली निवडणूक लढवू शकते, दुसरी आयुष्यभर लढवू शकत नाही. त्यांच्या शेजारच्या तिसऱ्या स्त्रीला सप्टेंबर २००० पूर्वीच पाच अपत्ये झाली होती, तीही निर्वेध. आणखी एक दांपत्य घ्या. त्यांना आधी एक मुलगी झाली आणि नंतर जुळी झाली. स्पष्टीकरणानुसार त्यांची अपत्ये दोन. दुसऱ्या एका दांपत्याला आधी जुळी झाली आणि नंतर एक मुलगी झाली. स्पष्टीकरणाचे शब्द त्यांना स्पर्श करीत नाहीत, कारण त्यांच्यापाशी ‘एकच अपत्य’ अशी अवस्था कधी नव्हतीच. त्यांची अपत्ये तीन. दोन्ही घरांत ताटे तितकीच मांडली जातात. प्रसूतींचा क्रम तेवढा उलटा. कोणतीही तारीख ठरविली की तिच्या अलीकडे-पलीकडे कुणी ना कुणी उभे राहणारच, हे मला मान्य आहे; म्हणून तारखेची तक्रार मी अन्यायात धरीत नाही. माझा आक्षेप अधिक खोल आहे.

तो आक्षेप असा की, हा नियम ज्या निर्णयाबद्दल शिक्षा करतो, तो निर्णय आपल्या खेड्यांतील स्त्रीचा पुष्कळदा नसतोच. लग्न लवकर होते. पहिल्या दोन मुली झाल्या की तिसऱ्या बाळंतपणाचा निर्णय सासू, नवरा आणि भावकी घेतात. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. म्हणजे एका कायद्याने जिला प्रथमच चावडीवर बसविले, तिला दुसऱ्या कायद्याने उठविता येते, आणि उठविण्याचे कारण असे की त्यात तिचा आवाज सर्वांत क्षीण होता. शिवाय हीच अट आमदार-खासदारांना नाही. लहान कुटुंबाचा आदर्श घालून देण्याचे ओझे गावच्या पंचाने वाहावे आणि ज्यांनी तो आदर्श ठरविला त्यांनी मात्र वाहू नये, हे मला अन्याय्य वाटते. वाचकांपैकी कुणाला तसे वाटणार नाही. लोकसंख्येचा प्रश्न खरा होता, असे ते म्हणतील, तो होताही. पण ज्या सिद्धान्तासाठी मी हे उदाहरण घेतले आहे, त्याला माझे मत पटण्याची गरज नाही. ‘हा खंड कायदा आहे’ आणि ‘हा खंड योग्य आहे’ ही दोन भिन्न विधाने आहेत, एवढे मान्य झाले म्हणजे पुरे.

आता न्यायालयांकडे वळू. या प्रकारच्या नियमाची कसोटी सर्वोच्च न्यायालयात लागली ती महाराष्ट्राच्या नव्हे, तर हरियाणाच्या कायद्यावरून. ‘जावेद विरुद्ध हरियाणा राज्य’ या प्रकरणाचा निकाल ३० जुलै २००३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. निवडणूक लढविण्याचा हक्क हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेला आहे, म्हणून कायदा त्यास अटी घालू शकतो. वर्गीकरणाला हेतूशी संबद्ध असा आधार आहे. एका राज्याने केलेला नियम दुसऱ्या राज्याने किंवा संसदेने केला नाही एवढ्यावरून तो भेदभाव ठरत नाही. हे निकालाचे मुख्य मुद्दे. मूल दत्तक देऊन अनर्हता पुसता येणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले. या भागाशी माझा वाद नाही. विधिमंडळाला हा नियम करण्याची सत्ता होती काय, हा प्रश्न होता. न्यायालयाने ‘होती’ असे उत्तर दिले.

परंतु निकालपत्र तेथे थांबत नाही, आणि माझी टीका त्याच्या उरलेल्या भागावर आहे. लोकसंख्यावाढीचा धोका हायड्रोजन बाँबहून मोठा आहे, या अर्थाचे वचन त्यात येते. नियम हितकारक आहे, लोकहिताचा आहे, असे प्रशस्तिपत्र येते. स्त्रियांना निर्णयस्वातंत्र्य नसते या युक्तिवादाला उत्तर देताना भारतीय स्त्री इतकी असहाय आहे असे आम्ही मानीत नाही, या आशयाचे विधान येते. यांपैकी एकही वाक्य निर्णयास आवश्यक नव्हते. नियम करण्याची सत्ता आहे एवढे म्हटले की प्रकरण संपत होते. ‘वैध’ या पायरीवरून ‘योग्य’ या पायरीवर न्यायालय न सांगता चढले; आणि त्या वरच्या पायरीवर पुराव्याची जागा अपेक्षेने घेतली. मुखेडची किंवा औशाची स्त्री असहाय आहे की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. कुणाच्या मानण्या न मानण्याचा नाही.

या सरमिसळीचा व्यावहारिक परिणाम काय होतो, हे पुढील इतिहासावरून दिसते. ज्या हरियाणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने हितकारक ठरविला, त्या हरियाणानेच तो नियम २००६ मध्ये रद्द केला. हिमाचल प्रदेश व मध्य प्रदेश यांनी त्याआधीच, २००५ मध्ये, तो सोडला होता. आंध्र प्रदेशाने २०२४ च्या नोव्हेंबरात सोडला. निर्मला बुच यांनी हा नियम असलेल्या पाच राज्यांत केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पत्नीला टाकून देणे, मूल दत्तक देणे, गर्भपात, पितृत्व नाकारणे असे परिणाम त्यांना आढळले. महाराष्ट्र त्या पाच राज्यांत नव्हता, म्हणून तिचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावता येत नाहीत. तरी हरियाणा त्यांत होता. अशा रीतीने आज स्थिती अशी आहे की, मूळ कायदा त्याच्या जन्मभूमीत मेला, पण त्याला दिलेले प्रशस्तिपत्र जिवंत आहे आणि महाराष्ट्रातील ‘ज-१’ च्या बचावासाठी ते आजही पुढे केले जाते. निकाल केवळ ‘सत्ता होती’ एवढेच सांगणारा असता, तर मुंबईच्या विधिमंडळाला ‘हा नियम ठेवावा काय’ हा प्रश्न मोकळेपणाने विचारता आला असता. आज त्याला सोयीचे उत्तर उपलब्ध आहे : सर्वोच्च न्यायालयानेच तो चांगला म्हटला आहे.

कायदा आणि नीती यांच्या पृथकतेचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. ऑस्टिनने १८३२ मध्ये सांगितले की कायद्याचे अस्तित्व ही एक गोष्ट आणि त्याचे गुणदोष ही दुसरी. हार्टने १९५८ मध्ये त्याचे समर्थन नव्याने केले. सिद्धान्ताचा अर्थ न्यायाधीशाने नीतीविषयी उदासीन असावे असा नाही. उलट, नैतिक टीकेला स्वतःची जागा मिळावी म्हणून कायद्याचे अस्तित्व तिच्यापासून वेगळे ओळखावे, असा आहे. मराठीत हा भेद व्याकरणातच उपलब्ध आहे. ‘कायदा आहे’ हे वर्तमानकाळाचे रूप. ‘कायदा असावा’ हा विध्यर्थ. इंग्रजी अधिनियमांतील ‘शॅल’ हे एकच क्रियापद आज्ञा आणि भविष्य दोन्ही वाहते. त्याच्या मराठी अनुवादांत साधा भविष्यकाळ वापरतात, ‘असेल’, ‘राहणार नाही’. त्यामुळे मराठी अधिनियम इष्टतेविषयी काहीच बोलत नाही, फक्त काय होईल ते सांगतो. आपल्या कायद्याची भाषा ‘आवा’ प्रत्ययापासून दूर राहिली आहे, ही मला दैवयोगाने झालेली सोय वाटते.

शब्दसंग्रहाने मात्र ही सोय पुन्हा हिरावून घेतली आहे. कायद्याच्या भाषेत ‘अनर्ह’ हा शब्द चालतो. वर्तमानपत्रांत आणि पारावर ‘अपात्र’. ‘अर्ह’ म्हणजे योग्यतेचा, पूज्य. ‘पात्र’ म्हणजे जे धारण करू शकते ते, म्हणून दान घेण्यास लायक. दोन्ही शब्दांत माणसाच्या मोलाचे माप आहे. ‘सरपंच अपात्र ठरल्या’ असे वाक्य छापून आले की ऐकणाऱ्याला पंचायतीच्या पैशांतील अफरातफर आठवते. वस्तुतः त्या बाईंनी केलेले कृत्य एवढेच की त्यांना तिसरे मूल झाले. याच कलमातील ‘ज-३’ हा खंड सरकारी जागेवरील अतिक्रमणाबद्दल अनर्ह ठरवितो. बातमीत दोघांनाही तोच शब्द मिळतो. ‘निवडणुकीस प्रतिबंधित’ असा रुक्ष शब्द रूढ असता तर निदान कलंकाचा आभास टळला असता. एका ज्येष्ठ वकिलांशी लातुरात याविषयी बोलत असता ते म्हणाले, ‘‘अहो सर, पक्षकाराला नियम समजतो, त्याला तो शब्द सोसत नाही.’’ मला हे निरीक्षण एखाद्या प्रबंधाच्या तोडीचे वाटले.

पृथकतेच्या सिद्धान्तावर मोठा आक्षेप घेतला तो लॉन फुलर यांनी, हार्टला उत्तर देताना. वाद जर्मनीतील एका प्रकरणावरून झाला. १९४४ मध्ये एका स्त्रीने रजेवर आलेल्या आपल्या सैनिक पतीने हिटलरविरुद्ध काढलेले उद्गार अधिकाऱ्यांना कळविले. त्याला देहान्ताची शिक्षा झाली, पुढे आघाडीवर पाठविण्यात आले. युद्धानंतर, १९४९ मध्ये, तिच्यावर खटला झाला. नाझी कायदा हा कायदाच नव्हता असे म्हणून तिला शिक्षा करावी, की तो कायदा होता हे मान्य करून पूर्वलक्षी कायद्याने उघडपणे शिक्षा करावी? हार्ट दुसऱ्या बाजूचे. राडब्रुख यांनी १९४६ मध्ये असे सूत्र मांडले होते की अन्याय असह्य कोटीला पोहोचला म्हणजे नियम कायदा राहत नाही. फुलर म्हणत की कायदा असण्यासाठीच काही आंतरिक नीती लागते : तो प्रसिद्ध असावा, स्पष्ट असावा, भविष्यलक्षी असावा, पाळता येण्याजोगा असावा.

हे सर्व मुद्दे ‘ज-१’ ला लावून पाहिले म्हणजे मला एक गोष्ट लक्षात येते, आणि हा वाद शिकविताना ती सहसा सांगितली जात नाही. राडब्रुखचे सूत्र येथे लागत नाही. तिसऱ्या अपत्याबद्दल पंचपद जाणे हा अन्याय असला तरी तो त्या असह्य कोटीतला नव्हे, आणि तसे म्हणणे त्या कोटीतील बळींचा उपमर्द होईल. फुलर यांच्या कसोट्यांवर तर खंड बहुतांशी उत्तीर्ण होतो. तो प्रसिद्ध आहे, स्पष्ट आहे, पूर्वीच्यांना सोडतो, वर एक वर्षाची सवलत देतो. ‘पाळता येण्याजोगा’ या एका कसोटीवर स्त्रीच्या दृष्टीने शंका घेता येईल, एवढेच. म्हणजे आंतरिक नीती सांभाळूनही नियम अन्याय्य असू शकतो. अन्यायाचे मोठे क्षेत्र याच मधल्या प्रदेशात आहे, जेथे कुणालाही ‘हा कायदाच नाही’ असे म्हणता येणार नाही आणि ‘हा योग्य आहे’ असेही म्हणता येणार नाही. नाझी उदाहरणांनी वाद रंगतो. पण त्याची खरी गरज औशाच्या तहसील कचेरीत आहे.

प्रत्यक्ष अंमल कसा होतो तेही पाहिले पाहिजे, कारण सरमिसळ तेथेही शिरते. पराभूत उमेदवार किंवा गावातील विरोधक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो. कलम १६ खाली जिल्हाधिकारी निर्णय देतात. त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील. नंतर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका. सारा वाद बहुधा एका तारखेवर येतो. त्या काळात घरी झालेल्या प्रसूतींची नोंद पुष्कळदा जन्म-मृत्यू नोंदवहीत नसे. मग शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा पुढे येतो. आमच्या भागातील शाळांची जुनी रजिस्टरे ज्यांनी चाळली असतील त्यांना ठाऊक आहे की पानेच्या पाने १ जून या जन्मतारखेची असतात. जूनमध्ये सहा वर्षे पूर्ण भरावीत म्हणून गुरुजींनी घातलेली ती तारीख. १ जून २००१ लिहिले असेल तर आई सवलतीच्या वर्षात येते. १ जून २००२ असेल तर पद जाते. दोन्ही तारखा तितक्याच काल्पनिक. एकाच पानावर अनेक मुलांची हीच तारीख दिसली की सावध व्हावे आणि अंगणवाडीची वजनाची वही, उपकेंद्राची लसीकरणाची नोंद, प्रसूती दवाखान्यात झाली असल्यास तेथील रजिस्टर यांच्याशी ती ताडून पाहावी.

येथे अधिकाऱ्यापुढे मोह असतो. नियम अन्याय्य वाटतो आणि समोरची बाई प्रामाणिक दिसते, म्हणून सोयीचा उतारा खरा मानावा. दयाबुद्धीने केलेले हे कृत्य मला न्यायालयाच्या प्रशस्तिपत्राइतकेच चुकीचे वाटते, आणि कारणही तेच आहे. नियम काय आहे या प्रश्नाचे उत्तर, नियम काय असावा या प्रश्नातून काढले जाते. शिवाय ती दया गावातील वजनदारालाच अधिक मिळते, कारण सोयीचा उतारा काढून आणण्याची शक्ती त्याच्यापाशी असते. हरियाणाच्या नियमात ‘हयात अपत्ये’ असा शब्द होता. आपल्या खंडात तो शब्द नाही, ‘आहेत’ या क्रियापदावरच भिस्त आहे. अशा ठिकाणी अर्थ लावणे हे न्यायालयाचे कामच आहे, आणि दोन अर्थ खरोखर संभवत असतील तर सौम्य अर्थ घेण्यास कुणाची हरकत नसावी. पण जेथे शब्द एकच अर्थ देतात तेथे तो देऊन टाकावा, आणि त्याच निर्णयात, वेगळ्या परिच्छेदात, या नियमाचा पुनर्विचार विधिमंडळाने करावा असे लिहावे. असे लिहिण्यास न्यायाधीशाला कोणताही कायदा मना करीत नाही.

विधिमंडळापुढे ठेवण्याजोगी एक गोष्ट निकालानंतरच्या काळात घडलेली आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्राचा एकूण जननदर दर स्त्रीमागे १.७ इतका आढळला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी साधारण २.१ लागतो. ज्या बाँबच्या भयाने हा नियम टिकविला गेला तो या राज्यात निकामी झाला आहे. खंड मात्र पुस्तकात आहे, आणि पुढील निवडणुकीत उमेदवारी अर्जासोबत १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यांविषयीचे घोषणापत्र पूर्वीप्रमाणेच भरून द्यावे लागेल.